दुपारनंतर आलात तर तंबाखू मिळणार नाही

तुम्ही विचारलंत म्हणून: "आमची डिलिव्हरीची सगळी मुलं करारावर आहेत. प्रत्येकाची सही आहे, ‘मी कर्मचारी नाही’ असं त्यात स्वच्छ लिहिलंय. खेपेप्रमाणे पैसे देतो, पगार कोणालाच नाही. मग उद्या कोणी त्यांना आमचे कामगार कसं ठरवणार?"

ती मुलं रोज तुमच्याकडे काय करतात, ते बघून ठरवणार. करार त्यातला एक कागद आहे. तो वाचतात, पण त्यावर थांबत नाहीत.

मी पुण्यात पगारपत्रकं आणि पीएफचं काम बघते. असा प्रश्न घेऊन कोणी आलं की मी करार नंतर मागते. आधी डिलिव्हरीच्या मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दाखवायला सांगते. त्यात बहुतेक वेळा हे असतं: ‘उद्या सहाला सगळ्यांनी हजर राहणे.’ ‘रजा हवी असेल तर आदल्या दिवशी कळवणे, न सांगता दांडी मारल्यास शंभर रुपये कापले जातील.’ ‘टी-शर्ट घातल्याशिवाय माल मिळणार नाही.’ करारातल्या चार पानांपेक्षा या तीन ओळी जास्त बोलतात, आणि त्या मालकाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या असतात.

हा वाद मोबाइल आल्यावर सुरू झाला असं अनेकांना वाटतं. तसं नाही. नागपूरच्या एका विडी कारखान्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने 1960 साली निकाली काढलं, ‘बिर्धीचंद शर्मा’ या नावाने ते ओळखलं जातं. तिथले विडी वळणारे कामगार पंधरा दिवस रजेवर गेले. रजा नामंजूर झाली आणि तेवढ्या दिवसांचे पैसे कापले गेले. कारखान्याच्या बाजूचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं: हे लोक नगावर काम करतात, हवं तेव्हा येतात, हवं तेव्हा जातात, ते आमचे कामगार नव्हेत.

न्यायालयाने कामाचा दिवस उलगडून पाहिला. येण्या-जाण्याची मोकळीक होती हे खरं. पण कारखाना संध्याकाळी सातपर्यंत चालू असला तरी दुपारी बारानंतर येणाऱ्याला तंबाखूच मिळत नसे. म्हणजे यायला मोकळीक, पण आल्यावर काम नाही. विड्या कारखान्यातच बसून वळायच्या, घरी न्यायला परवानगी नाही. न सांगता आठ दिवस गैरहजर राहिलं तर काढून टाकता येई. खराब विडी बाजूला काढण्याचा हक्क मालकाचा. ते कामगारच आहेत, असा निकाल लागला. नगावर पैसे मिळतात म्हणून कामगारपण जात नाही, हे तेव्हापासून पक्कं आहे.

आता ‘लॉग-इन कधीही करा, पण संध्याकाळी सात ते दहा हजर नसाल तर दुसऱ्या दिवशी ऑर्डर कमी येतील’ ही व्यवस्था त्या तंबाखूशेजारी ठेवून पाहा.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण निकाल नेहमी एकाच दिशेने लागत नाही. त्यानंतर लगेचच, 1961 मध्ये, ‘शंकर बालाजी वाजे’ या प्रकरणात त्याच न्यायालयाने बहुमताने उलट निर्णय दिला. धंदा तोच, विडीचा. पण तिथला माणूस दहा दिवसांपर्यंत न सांगता गैरहजर राहू शकत होता, परवानगीने तंबाखू घरी नेऊन वळू शकत होता, ठरावीक वेळी येण्याचं बंधन त्याच्यावर नव्हतं, आणि वळताना त्याच्यावर देखरेखही नव्हती. तो कामगार ठरला नाही. दोन्हीकडे नगावर पैसे, दोन्हीकडे खराब माल नाकारण्याचा हक्क. फरक पडला तो मोकळीक खरी होती की बोलण्यापुरती, यावर.

म्हणून ‘गाडी त्याची स्वतःची आहे, पेट्रोल तोच भरतो’ हे उत्तर पुरत नाही. ते त्याच्या स्वतंत्र असण्याकडे झुकतं, पण एकट्याने तराजू हलवत नाही. मी त्यापेक्षा दुसरा प्रश्न विचारते: उद्या याला ताप आला तर हा आपल्या भावाला पाठवू शकतो का, तुम्हाला न विचारता? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात 2023 च्या नोव्हेंबरमध्ये जेवण घरपोच देणाऱ्या डेलिव्हरू कंपनीचं प्रकरण बरंचसं याच मुद्द्यावर फिरलं. तिथले रायडर आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकत होते, म्हणून त्यांचं नातं नोकरीचं मानलं गेलं नाही. त्याच न्यायालयाने 2021 मध्ये उबरच्या चालकांना मात्र कामगाराचे हक्क दिले होते, कारण भाडं कंपनी ठरवत होती, अटी कंपनी ठरवत होती आणि फेऱ्या नाकारणाऱ्याला कंपनी शिक्षा करत होती. आपल्याकडे कायदे वेगळे आहेत, पण भावाचा प्रश्न आपल्याकडेही उपयोगी पडतो. मालक तो ऐकून गप्प झाला की मला उत्तर कळतं.

यात पैसा किती गुंततो, ते माझ्या एका अशिलाच्या हिशेबातून सांगते. किराणा घरपोच देणारं दुकान. दुकानात पगारावर सहा जण आणि डिलिव्हरीला 22 मुलं. मुलांना खेपेचे मिळून महिन्याला सरासरी 14,000 रुपये पडायचे. त्यातल्या एकाला तीन वर्षांनी एका मेसेजवर ‘उद्यापासून येऊ नकोस’ असं कळवलं. तो पीएफ कार्यालयात गेला. 2024 च्या दिवाळीनंतर दुकानाला चौकशीची नोटीस आली.

पीएफच्या कायद्यात कर्मचाऱ्याची व्याख्या रुंद आहे. काम थेट दिलं काय किंवा मध्ये ठेकेदार घातला काय, मजुरी घेऊन आस्थापनेचं काम करणारा माणूस तिच्यात येतो. सहा अधिक 22 म्हणजे 28, हा कायदा लागू होण्याची वीस माणसांची मर्यादा ओलांडली. कर्मचाऱ्याचे 12 टक्के आणि मालकाचे 12 टक्के मिळून एका मुलामागे महिन्याला 3,360 रुपये. बावीस जणांचे 73,920. छत्तीस महिन्यांचे 26,61,120 रुपये.

लोकांना धक्का बसतो तो पुढे. यातले अर्धे, म्हणजे 13 लाखांहून थोडे जास्त, खरं तर मुलांच्या वाट्याचे होते. वेळच्या वेळी कापले असते तर ते त्यांच्या कमाईतून गेले असते आणि त्यांच्याच खात्यावर जमले असते. पण वेळेवर न कापलेली वर्गणी मालकाला मागाहून कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. दोन्ही वाटे मालकाच्या खिशातून जातात. त्यावर वर्षाला 12 टक्के व्याज. थकबाकी महिन्यामहिन्याने साठत गेलेली, म्हणून सरासरी दीड वर्षाचं धरलं तरी पावणेपाच लाखांच्या वर. उशिराबद्दलचा दंड जून 2024 पासून महिन्याला एक टक्का झाला, तो धरून निदान आणखी तेवढेच. बेरीज 36 लाखांवर गेली. तो कागद मी त्यांच्यासमोर ठेवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या दरात हा खर्च कधी धरलेलाच नव्हता. शेजारच्या दुकानापेक्षा ते स्वस्तात घरपोच देत होते, ते याच न भरलेल्या पैशांच्या जोरावर.

काढून टाकलेल्या मुलाची वेगळी मागणीही उभी राहू शकत होती. वर्षात 240 दिवस काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई द्यावी लागते. एका मेसेजने ते होत नाही.

अपघाताचं मात्र मला पैशांपेक्षा जास्त टोचतं. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला सहसा ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू नसतो, तिथे भरपाई मालकानेच द्यायची. समजा 25 वर्षांचा मुलगा खेपेवर असताना अपघातात गेला. हिशेबासाठी महिन्याची मजुरी जास्तीत जास्त 15,000 धरतात, तिच्या निम्मे 7,500, गुणिले त्या वयाचा ठरलेला आकडा 216.91. होतात 16,26,825 रुपये. यासाठी विमा मिळतो आणि तो परवडणारा असतो. पण तो तुम्ही कर्मचारी म्हणून दाखवलेल्या लोकांसाठी असतो. ‘हा आमचा नाही’ असं तीन वर्षं लिहीत आलेल्या दुकानाकडे त्या दिवशी पॉलिसी नसते आणि त्या मुलाच्या आईकडेही काही नसतं.

21 नोव्हेंबर 2025 ला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली तेव्हा याच अशिलाचा मोठ्या आशेने फोन आला. ‘मॅडम, आता गिग कामगार अशी वेगळी जातच कायद्यात आली. आमची मुलं त्यात टाकू.’ मी त्यांना व्याख्या वाचून दाखवली. पारंपरिक मालक-कर्मचारी नात्याच्या बाहेर राहून काम करणारा तो गिग कामगार. म्हणजे नातं बाहेरचं आहे की आतलं, हे आधी ठरायला हवं. संहिता ते तुमच्यासाठी ठरवून देत नाही. ज्याला रजेसाठी विचारावं लागतं, त्याला ‘गिग’ म्हटल्याने तो बाहेर जात नाही. संहितेने अ‍ॅपवाल्या मध्यस्थांवर वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी घातली आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. पण स्वतःचाच माल स्वतःच्या मुलांकरवी पोचवणारं दुकान मुळात असा मध्यस्थ ठरतं का, तिथूनच अडचण आहे.

शेवटी त्यांच्याबरोबर बसून मी एकच तक्ता केला. कोणत्या कामासाठी माणूस ठरल्या वेळी हवाच, आणि कोणतं काम कोणीही, केव्हाही केलं तरी चालतं? संध्याकाळच्या तीन तासांत माणूस हवाच होता. तिथे मोकळीक देणं त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून चौदा मुलं पगारपत्रकावर आली, घरपोचचा दर थोडा वाढला. किराण्याच्या महिनाभराच्या मोठ्या याद्या दोन टेम्पोवाल्यांकडे गेल्या. ते आणखी चार दुकानांचा माल नेतात, भाडं स्वतः सांगतात, नको असेल त्या दिवशी नाही म्हणतात आणि स्वतःच्या नावाचं बिल देतात. त्यांच्याशी केलेला करार जेमतेम एका पानाचा आहे.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून आहे. टेम्पोवाले त्यात नाहीत.