उशिरा इरा

रविवार, रात्र. आज दोन तास एका नावात गेले. डेटिंग अ‍ॅपवर प्रोफाइल करायला बसले आणि पहिल्याच रकान्यात अडकले. जुन्या अकाउंटने लॉगिन केलं तर तिथलं नाव आपोआप येऊन बसलं, आडनावासकट, मी काही टाइप करायच्या आधीच. लगेच खोडलं, कारण काही अ‍ॅप्सवर नाव एकदा ठरलं की नंतर स्वतःहून बदलता येत नाही म्हणे.

मग वाटलं नुसतं पहिलं नाव टाकू, त्यात काय एवढं. पण माझं नाव जरा वेगळं आहे, शाळेतसुद्धा त्या नावाची मी एकटीच होते. सहज इनकॉग्निटोमध्ये नाव आणि पुढे कामाचा प्रकार असं सर्च केलं, तर तिसऱ्याच निकालात मी! ऑफिसच्या पेजवर, फोटो आणि आडनावासकट. म्हणजे आडनाव लपवून उपयोग शून्य, पहिलं नावच चुगली करतंय.

मग इन्स्टाचं हँडल टाकावं म्हटलं, ते गोड आहे पण तेच तर सगळीकडे वापरलंय, एका जागी सापडलं की बाकीची अकाउंट्स ओळीने सापडतात. घरचं लाडाचं नावही बाद, वाढदिवसाच्या पोस्टखाली सगळी भावंडं मला त्याच नावाने हाका मारतात. नावापुढे जन्मसाल लावून पाहिलं, ते तर वायफायच्या पासवर्डसारखं दिसायला लागलं.

ताईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, खोटं नाव नको घेऊस, उद्या भेटल्यावर खरं सांगताना तुलाच ओशाळल्यासारखं होईल." पटलं. म्हणून स्वतःच्याच नावाचं शेपूट घेतलं, इरा. नुसतं इरा मोठ्याने म्हणून पाहिलं, छान आहे पण लक्षात राहील असं काही नाही त्यात. तेवढ्यात ताईच म्हणाली, "उशिरा इरा लिही, तू कधी वेळेवर आलीयेस?" आणि मी अक्षरशः फुटले हसून. हेच. यातून एवढंच कळतं की मी उशिरा येते, आणि ते तसंही कळणारच होतं.

तेही सर्च करून बघितलं, माझ्यापर्यंत पोचणारं काही नाही. फोटो मात्र बदलावे लागले. ऑफिसच्या पेजवरचाच फोटो इथे लावला असता तर कोणीही त्या फोटोवरून सर्च करून थेट तिथे पोचलं असतं, आणि दुसऱ्या एका फोटोत झूम केल्यावर गळ्यातलं आयकार्ड वाचता येत होतं. पूर्ण नाव भेटायच्या आधी कॉलवर सांगेन, तोवर इराच.

साडेअकराला पहिला मेसेज आला: "सातला भेटायचं असेल तर तुम्हाला किती वाजताचं सांगू?"

सहाचं, असं लिहिलंय. अजून पाठवलं नाही.