तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच मॉनिटरवर तीन आकार का?

"चालू करताना मेनू एका आकाराचा, लॉगिन दुसऱ्या, आत गेलं की तिसराच. ग्राफिक्स कार्ड गेलंय का? आणि तुम्ही एकदाच सगळं सारखं का करून देत नाही?"

कार्ड गेलेलं नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे. ते पूर्ण ऐकून घ्या, कारण अर्धवट उत्तरावर माझ्या काकांचे पैसे गेलेत.

काकांच्या नजरेला आता बारीक अक्षर दिसत नाही. त्यांच्याकडे जुना पीसी आहे, 24 इंची फुल एचडी मॉनिटर, त्यावर उबुंटू 22.04 आणि शेजारी विंडोज. म्हणून चालू करताना दोन्हींपैकी काय सुरू करायचं ते विचारणारा ग्रबचा मेनू येतो. डेस्कटॉपचं स्केल, म्हणजे अक्षरं-चित्रं किती मोठी दिसावीत तो आकडा, मी 200% करून दिलं होतं. मेनूची अक्षरं मोठी पण आडवी फुगलेली, लॉगिनची बारीक, डेस्कटॉपची मोठी. मी गावाला नव्हतो. काकांनी मशीन एका दुकानात नेलं. दुकानदाराने तीन आकार पाहिले, "ऑनबोर्ड ग्राफिक्स कमजोर झालंय" म्हणाला आणि नवं कार्ड बसवून दिलं. घरी आल्यावर मशीन सुरू केलं तर खरोखरच सगळं एका आकाराचं झालं होतं. मेनू बारीक, लॉगिन बारीक, डेस्कटॉपही बारीक. काकांना त्यातलं काहीच वाचता येईना. फोनवर ते एवढंच म्हणाले, "आता सारखं आहे रे, पण माझ्या उपयोगाचं नाही."

यातली प्रत्येक गोष्ट कारणाने झाली होती.

मेनूपासून सुरुवात करतो. ग्रब चालतो तेव्हा लिनक्स अजून सुरू झालेलं नसतं आणि ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हरही नसतो. पडद्यावर काही काढायचं तर मशीनच्या चिपमध्येच असलेल्या प्रोग्रामला, म्हणजे फर्मवेअरलाच विचारावं लागतं. जुन्या मशीनवर हे काम बायोसमधली व्हीईएसएची सोय करते, नव्यावर यूईएफआयची जीओपी. दोन्हीकडे ठरलेल्या रिझोल्यूशनची यादी असते आणि ग्रबला त्या यादीबाहेर जाता येत नाही. मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन त्या यादीत असेलच असं नाही. काकांच्या मशीनच्या यादीत 1920x1080 नव्हतं, म्हणून मेनू 1024x768 वर उघडायचा आणि मॉनिटर ते चित्र ताणून पूर्ण पडद्यावर पसरवायचा. चौकट चारास तीन, पडदा सोळास नऊ. म्हणून अक्षरं जाडी. नव्या कार्डाने स्वतःची यादी आणली, तिच्यात 1920x1080 होतं, ग्रबने ते उचललं. ग्रबचा नेहमीचा फॉन्ट 16 पिक्सेल उंचीचा असतो आणि पिक्सेल वाढले तरी तो तेवढाच राहतो. 24 इंची पडद्यावर एका ओळीची उंची 6.2 मिलिमीटरवरून 4.4 वर आली.

मग लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल येतं. फर्मवेअरची मोड बदलण्याची सोय तोवर बंद झालेली असते. आयता मिळालेला पडदा, आहे त्या रिझोल्यूशनमध्ये, कर्नल खरा ड्रायव्हर लोड होईपर्यंत वापरतं. ड्रायव्हर मॉनिटरकडून ईडीआयडी, म्हणजे मॉनिटरने स्वतःबद्दल दिलेली माहिती, वाचतो आणि मूळ रिझोल्यूशन लावतो. मध्ये पडदा क्षणभर काळा होतो तो यामुळे. तो बिघाड नाही.

म्हणजे लॉगिनपर्यंत रिझोल्यूशन बरोबर झालेलं असतं. तरी अक्षरं बारीक का? कारण लॉगिनचा पडदा तुमचा नसतोच. तो जीडीएम नावाचा प्रोग्राम `gdm` या वेगळ्या युजरच्या नावाने चालवतो. काकांचं 200% त्यांच्या होम फोल्डरमधल्या `~/.config/monitors.xml` मध्ये लिहिलेलं. जीडीएम ती फाइल बघत नाही. त्याला अजून ठाऊकच नाही की कोण लॉगिन करणार आहे. तो आपल्या हिशेबाने 100% वर चित्र काढतो.

हे दोन वेगळे आजार ओळखायला सोपी खूण आहे. मॉनिटरचं स्वतःचं बटण दाबा. त्याच्या मेनूत चालू रिझोल्यूशन दिसतं. ग्रबमध्ये आणि डेस्कटॉपवर आकडे वेगळे आले तर फरक रिझोल्यूशनचा. लॉगिन आणि डेस्कटॉपवर आकडा एकच आणि अक्षरं मात्र लहानमोठी, तर फरक स्केलचा. काकांकडे जुन्या जोडणीवर ग्रबला 1024x768 आणि पुढे दोन्हीकडे 1920x1080 दिसलं असतं. दुकानात कुणी ते बटण दाबलं असतं तर कार्ड विकलंच गेलं नसतं. याचा राग मला अजून आहे.

राहिला डेस्कटॉप. `monitors.xml` मध्ये स्केलबरोबर मॉनिटर कुठल्या पोर्टला आहे तेही असतं. काकांच्या फाइलमध्ये `HDMI-1` होतं, नव्या कार्डावर केबल गेली `DP-1` ला. जुळेना, म्हणून 200% गळालं.

मी गेल्यावर आधी डेस्कटॉप पुन्हा 200% केला, म्हणजे नव्या पोर्टची नोंद झाली. मग ती फाइल जीडीएमला दिली:

```
sudo cp ~/.config/monitors.xml /var/lib/gdm3/.config/
sudo chown gdm:gdm /var/lib/gdm3/.config/monitors.xml
```

ही फक्त प्रत आहे. उद्या पोर्ट बदललं किंवा स्केल बदललं की पुन्हा द्यावी लागते. 125% सारखं अधलंमधलं स्केल असेल तर ती सोय जीडीएमच्या युजरलाही वेगळी चालू करावी लागते, नाहीतर फाइल देऊनही लॉगिनवर ते स्केल लागत नाही. लॉगिनवरच्या सुलभतेच्या मेनूत मोठ्या मजकुराचा पर्याय आहे, पण तो अक्षरं सव्वापटच करतो, काकांना पुरेना.

ग्रबला मात्र मी मुद्दाम मागे नेलं. `/etc/default/grub` मध्ये:

```
GRUB_GFXMODE=1024x768,auto
```

आणि `sudo update-grub`. कुठले आकडे चालतील ते आधी पाहायचं असेल तर ग्रबमध्ये `c` दाबून `videoinfo` लिहा, यादी दिसते. यादीत नसलेला आकडा टाकला तर ग्रब तो सोडून पुढचा घेतो, म्हणून शेवटी `auto`.

पूर्वी मी सगळ्यांना ग्रबपासून डेस्कटॉपपर्यंत मूळ रिझोल्यूशन लावून द्यायचो. ज्यांची नजर चांगली आहे आणि यादीत तो आकडा आहे, त्यांना आजही देईन; ताणलेलं चित्र बघवत नाही हे मलाही मान्य आहे. पण काकांसाठी ते फुगलेलं 1024x768 च बरं. दोन्ही मतं माझीच आहेत आणि त्यांचा मेळ मला घालता आलेला नाही.

लॉगिनचं तर त्याहून अवघड. त्याच मशीनवर माझ्या पुतणीचंही खातं आहे, 100% वर. आता तिची तक्रार आहे की लॉगिनची अक्षरं अवाढव्य दिसतात. तिचं खरं आहे. जीडीएमकडे एकच फाइल असते. सध्या ती काकांची आहे, आणि तशीच राहील.