चिंचेच्या ठोकळ्यापासून कोळ : दोन पाण्यांची पद्धत

या खेपेला 250 ग्रॅमचा दाबलेल्या चिंचेचा ठोकळा घेतला. पाकिटावर 'बिनबियांची' असं लिहिलेलं असलं तरी त्यात चार-दोन चिंचोके, टरफलाचे तुकडे आणि शिरा निघतातच, म्हणून ठोकळा सरळ पाण्यात न टाकता आधी हाताने मोकळा केला. लहान तुकडे झाले की टरफलं आणि खडे कोरडेपणीच दिसतात. एकदा चिंच भिजली की सगळंच तपकिरी होतं आणि टरफलाचा बारीक तुकडा गाळणीपर्यंत लपून राहतो.

माझा सगळा भर यावेळी पाण्याच्या प्रमाणावर होता. पहिल्या पाण्याला 375 मिली कडकडीत गरम पाणी घेतलं, म्हणजे चिंचेच्या दीडपट. चिंच जेमतेम बुडते. जास्त पाणी घातलं तर कुस्करताना गर बोटांतून नुसता निसटतो. कमी पाण्यात तो एकमेकांवर घासला जातो आणि शिरांपासून सुटतो. स्टीलच्या पातेल्यात झाकून पाऊण तास ठेवलं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल ॲल्युमिनियम, पितळ, तांबं आणि लोखंड यांना लागतं, त्यामुळे स्टील किंवा काच यांपलीकडे मी जात नाही.

चिंच चिंचोक्यांसकट उकळू नये, हे माझं ठाम मत आहे. चिंचोक्याच्या सालीत टॅनिन असतं आणि उकळल्यावर त्याचा तुरटपणा कोळात उतरतो. मिक्सरचंही तसंच. चिंचोका फुटला की तुरटपणा येतो, शिवाय शिरांचे इतके बारीक तुकडे होतात की मग कुठलीच गाळणी त्यांना अडवत नाही. म्हणून कुस्करायचं ते हातानेच. चिंचोक्याभोवती एक पातळ, चिवट पापुद्रा असतो आणि त्याच्या आत बराच गर चिकटलेला असतो. चिंचोका चिमटीत दाबून पापुद्र्यातून बाहेर काढला की तो गर मोकळा होतो.

गाळायला चहाची बारीक गाळणी घेऊ नका, ती लगेच बुजते आणि खाली फक्त आंबट पाणी उतरतं. मोठ्या भोकांची स्टीलची चाळणी हवी. चमच्याच्या पाठीने गर गोल फिरवत दाबायचा आणि चाळणीच्या खालच्या बाजूला चिकटलेला थर अधूनमधून खरवडून घ्यायचा. सगळ्यात दाट कोळ तिथेच अडकलेला असतो.

चाळणीत उरलेल्या चोथ्यावर आणखी 150 मिली गरम पाणी ओतून दहा मिनिटं ठेवलं, पुन्हा कुस्करलं आणि गाळलं. हे दुसरं पाणी पातळ दिसतं, पण चवीला चांगलंच आंबट लागतं, ते टाकून देण्यासारखं नाही. तिसरं पाणी मात्र मी घेत नाही, कारण त्यातून मिळतं थोडं आणि आटवायला लागतं फार. चोथा संपला की नाही, हे बोटांना कळतं : शिरा खरखरीत लागतात आणि बुळबुळीतपणा जातो. शेवटी ओला चोथा साधारण 90 ग्रॅम भरला.

दोन्ही पाणी एकत्र केली तेव्हा कोळ 685 ग्रॅमच्या आसपास होता. आता चिंचोके नाहीत, त्यामुळे उकळायला हरकत नाही. मंद आचेवर सतत ढवळत तो 500 ग्रॅमपर्यंत आटवला. चिंचेत साखरही भरपूर असल्यामुळे तळ लवकर धरतो, आणि कोळ दाट झाला की मोठे बुडबुडे फुटून अंगावर उडतात, तेव्हा लांब दांड्याचा चमचा घ्या. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती भरून आली नाही, की गॅस बंद.

उकळण्याचं खरं काम टिकवण्याचं आहे. चिंचेच्या आंबटपणात बरेचसे जिवाणू वाढत नाहीत, पण बुरशी आणि यीस्ट यांना आंबट चालतं. न उकळलेला कोळ फ्रिजमध्येसुद्धा काही दिवसांतच फसफसायला लागतो. उकळलेला, उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत भरलेला आणि कोरड्या चमच्यानेच काढलेला कोळ दोन-तीन आठवडे फ्रिजमध्ये चांगला राहतो. झाकण उघडताना फस्स आवाज आला, बाजूने बारीक बुडबुडे दिसले किंवा दारूसारखा वास आला तर तो गेला समजा. वर बुरशीचा ठिपका दिसला तर नुसता थर काढून भागत नाही, अख्खी बरणी टाका. रंग हळूहळू गडद होतो, ते मात्र खराब होण्याचं लक्षण नाही.

यातला थोडाच कोळ बरणीत ठेवला, बाकीचा 15 मिलीच्या सिलिकॉनच्या साच्यांत गोठवला. पूर्ण 500 ग्रॅमचे साधारण तीस तुकडे होतात, म्हणजे एका तुकड्यात सुमारे 8 ग्रॅम कोरड्या चिंचेचा ऐवज. कृतीत चिंच ग्रॅममध्ये दिली असेल तर हा हिशेब फार उपयोगी पडतो. आम्ल आणि साखर यांमुळे हे तुकडे बर्फासारखे टणक होत नाहीत, किंचित चिकट राहतात. म्हणून साच्यातून काढल्यावर पिशवीत एकावर एक न टाकता मध्ये बटर पेपर घाला. फ्रीजरमध्ये सहा महिने सहज जातात.

मीठ घातलं नाही. ते टिकायला मदत करतं, पण मग प्रत्येक वेळी पदार्थातल्या मिठाचा अंदाज बदलावा लागतो. काही ठोकळ्यांत ते आधीच असतं, तेव्हा पाकिटावरची यादी वाचून घ्या.