टुणूक टुणूक कुणी म्हणायचं?

"पालुपद असलेल्या गोष्टी वाचतो, तरी मुलं गप्पच बसतात. ती आपणहून सोबत कशी म्हणतील?"

बहुतेक वेळा आपणच त्यांना जागा देत नाही. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट घ्या. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला आधी कोल्हा, मग अस्वल, मग वाघ अडवतो आणि ती प्रत्येकाला तेच सांगते: "लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा!" तीन तुकडे 'ईन'वर संपतात आणि चौथा ताल तोडतो, म्हणून ही ओळ कानात बसते.

कोल्ह्यापाशी ती अख्खी तुम्हीच म्हणा, दर तुकड्याला मांडीवर एक थाप देत. अस्वलापाशी शेवटचा शब्द गाळा. "लेकीकडे…" म्हणून आवाज जरा वर न्या आणि थांबा, पण थाप चुकवू नका. वाघापाशी फक्त "म्हातारी म्हणाली," एवढंच म्हणा आणि मनात चारपर्यंत मोजा. गडबड इथेच होते. दोनलाच आपला धीर सुटतो आणि ओळ आपणच म्हणून टाकतो. किंवा "काय म्हणाली बरं?" असं विचारतो. मग ती परीक्षा होते आणि लाजरी मुलं गळतात.

आधीचं वाक्यही दर वेळी तेच हवं. एकदा "म्हातारी म्हणाली" आणि एकदा "आजीने उत्तर दिलं" असं केलंत, तर आपली पाळी आली हे मुलांना कळणार कसं?

परतीच्या वाटेवर पालुपद बदलतं: "म्हातारी-कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक!" पुन्हा पहिल्यापासून तीच पायरी-पायरी. दोन वर्षांच्या मुलाला सगळी ओळ झेपत नाही, पण 'टुणूक टुणूक' जमतं, आणि ते ओळीच्या शेवटी असल्यामुळे त्याला तयारीला वेळ मिळतो. स्वतः गोष्ट रचलीत तर नादाचा शब्द असाच शेवटी ठेवा. 'ठाऊक'ऐवजी 'माहीत' म्हणू नका. यमक तर जातंच, शिवाय आता 'टुणूक' येणार ही खूणही जाते.

चिऊ-काऊचं गणित वेगळं आहे. कावळ्याचं "चिऊताई, चिऊताई, दार उघड" कायम असतं, चिऊची सबब मात्र बदलते. कधी बाळाला न्हाऊ घालायचंय, कधी तीट लावायचीय. म्हणून कावळा मुलांकडे द्या, जमिनीवर टकटक करण्यासकट, आणि सबबी स्वतःकडे ठेवा. उलट वाटणी केली की मुलं सबबींचा क्रम विसरतात आणि गोष्ट अडते. चारच्या वर सबबी नकोत, पुढे नुसता ओरडा होतो. तसा झालाच, तर पुढची सबब अगदी हळू आवाजात सांगा. ती ऐकायला मुलं गप्प होतात.

तुमच्याकडच्या गोष्टीत भोपळा शेवटी अडवला जात असेल, तर तिथेही मुलं सवयीने 'टुणूक टुणूक' म्हणतील. म्हणू द्या. क्षणभर थांबा, आणि मग सांगा की भोपळा काही हलला नाही.