बास्कच्या नातेवाइकांचा शोध : शब्दयादीपासून इबेरियन संख्यांपर्यंत

मागील नोंदीत बास्क भाषेची शंभर मूलभूत अर्थांची यादी तयार करण्याचे काम सुरू असल्याचे लिहिले होते. ती यादी आता पूर्ण झाली आहे आणि तिच्यावर खरे काम सुरू झाले आहे. पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला, स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना बोलली जाणारी ही भाषा चारही बाजूंनी लॅटिनोद्भव भाषांनी वेढलेली आहे, आणि आजच्या एकाही जिवंत भाषेशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही. कॉकेशसमधील भाषांपासून उत्तर आफ्रिकेतील बर्बरपर्यंत अनेकांशी तिची सोयरीक जुळवून पाहण्यात आली आहे. तिला नवा नातेवाईक शोधून देणे हा माझा हेतू नाही. असा एखादा दावा कोणत्या पायरीवर उभा राहतो आणि कोणत्या पायरीवर कोसळतो, हे मला स्वतः मांडून पाहायचे आहे.

बास्कच्या रकान्याशेजारी मी मुद्दाम मराठीचा रकाना ठेवला. या दोन भाषांचे नाते कोणी गंभीरपणे मानत नाही, त्यामुळे येथे जे साम्य दिसेल ते योगायोगाचे माप म्हणून वापरता येते. साम्य दिसायला वेळ लागला नाही. बास्कमध्ये दोनला ‘बि’ म्हणतात आणि आपल्या पाढ्यांत ‘बे’ आहे. ‘जाणणे’ या अर्थी बास्कमध्ये jakin हे क्रियापद आहे. तांबड्याला तेथे ‘गोर्री’ म्हणतात, आणि संस्कृत ‘गौर’ शब्दाला पांढऱ्याबरोबर पिवळसर व तांबूस अशाही छटा असल्यामुळे अर्थाची सांगडही घालता येते.

या जोड्या एकेक करून उघडून पाहिल्या की काय होते ते पाहण्याजोगे आहे. ‘बे’ मधला ‘ब’ जुना नाही. संस्कृत ‘द्वे’ पासून प्राकृतात ‘बे’ झाले, आणि हेच ‘द्व’चे ‘ब’ होणे बारा, बावीस, बत्तीस यांतही दिसते, तर ‘दोन’ या रूपात ‘द’ टिकून राहिला. लॅटिनमध्येही ‘दुइस’पासून ‘बिस’ स्वतंत्रपणे झाले. म्हणजे बास्क ‘बि’ची तुलना करायचीच असेल तर ती ‘द्वे’शी केली पाहिजे, आणि तेथे साम्य संपते. jakin मधला पहिला ध्वनी मूळचा ‘य’सारखा आहे, आणि तोही धातूचा भाग नाही. ‘ए’ या जुन्या उपसर्गाचा स्वरापूर्वी ‘य’ झाला आहे, शेवटचा ‘न’ हा प्रत्यय आहे आणि धातू ‘अकि’ एवढाच उरतो. ‘मला ते ठाऊक आहे’ या अर्थाच्या ‘दाकित’ या रूपात तो धातू स्पष्ट दिसतो. ‘जाणणे’शी जे दोन ध्वनी जुळत होते ते दोन्ही धातूच्या बाहेरचे निघाले. ‘गोर्री’चे मात्र असे विच्छेदन होत नाही. ती जोडी यादीत एकटीच उभी राहते, आणि एकट्या जोडीला पुरावा म्हणता येत नाही.

योगायोग किती जोड्या पुरवतो, याचा हिशेब येथे करून ठेवतो. समजा, केवळ पहिले व्यंजन जुळले तरी जुळणी मानायची आणि व्यंजनांचे साधारण समान शक्यतेचे दहा गट धरायचे. शंभर अर्थांच्या यादीत मग काहीही नाते नसताना दहाएक जोड्या जुळतील. आता एका बाजूला प्रत्येक अर्थासाठी तीन शब्द चालतील अशी मुभा दिली, तर जुळणाऱ्या अर्थांची संख्या सुमारे सत्तावीस होते, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन शब्द चालवले तर ती साठच्या आसपास जाते. ‘डोळा’ या अर्थाखाली पाहणे, चेहरा, भुवई हे सारे चालवून घेणाऱ्या याद्यांना पानेच्या पाने साम्य का सापडते, ते यावरून कळते.

हा अंदाज प्रत्यक्ष याद्यांवर तपासण्याची एक साधी रीत रॉबर्ट ऑस्वाल्ट यांनी १९७० मध्ये मांडली. एक यादी जागच्या जागी ठेवायची आणि दुसरी एक घर खाली सरकवायची, म्हणजे एकीकडचे ‘पाणी’ दुसरीकडच्या ‘दगड’समोर येते. अर्थ जुळत नसल्यामुळे आता मिळणारी प्रत्येक जुळणी निव्वळ योगायोगाची असते. यादी अशी घराघराने पूर्ण फिरवली की योगायोगाची पातळी कळते, आणि सरळ मांडणीतील जुळण्या त्या पातळीच्या बऱ्याच वर असल्या तरच पुढे विचार करायचा. माझ्या यादीत बास्क आणि मराठीची सरळ मांडणी सरकवलेल्या मांडण्यांच्या गर्दीतच बसली. जुळणीची अट यादी पाहण्याआधी लिहून ठेवणे येथे फार महत्त्वाचे आहे, कारण नंतर सैल केलेली प्रत्येक अट आकडा वर नेते.

आता एकाकी भाषेची खरी अडचण येते. मराठीतील शब्दाचे जुने रूप हवे असेल तर संस्कृत आणि प्राकृत ग्रंथ आहेत, शिवाय भगिनीभाषा आहेत. बास्कचे पहिले छापील पुस्तक १५४५ सालचे आहे आणि भगिनीभाषा नाही. तरीही बास्क भाषाशास्त्रज्ञ कोल्डो मिचेलेना यांनी तिचे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ध्वनिरूप मोठ्या प्रमाणात उभे केले. त्यांचा १९६१ चा ध्वनी-इतिहासाचा ग्रंथ या कामाचा पाया आहे. त्यासाठी त्यांनी बोलीभेद, समास आणि लॅटिनमधून आलेले उसने शब्द वापरले. उसने शब्द येथे कसे उपयोगी पडतात ते मला या महिन्यात नीट समजले, आणि या सबंध अभ्यासातील तो सर्वांत सुंदर भाग वाटतो. लॅटिन ‘कातेना’, म्हणजे साखळी, बास्कमध्ये ‘कातेआ’ झाली. ‘कोरोना’, म्हणजे मुकुट, ‘कोरोआ’ झाला. दोन स्वरांमधला ‘न’ गळतो, हा नियम लॅटिन रूप माहीत असल्यामुळे उघड दिसतो. मग अस्सल बास्क शब्दाकडे वळायचे. मद्याला आज ‘आर्दो’ म्हणतात, पश्चिमेकडील बोलीत ‘आर्दाओ’ आणि उत्तरेकडे ‘आर्नो’. नियम सांगतो की ‘आर्दाओ’मधल्या दोन स्वरांच्या मध्ये एके काळी ‘न’ असू शकेल, आणि मद्यगृहाला असलेला ‘आर्दानदेगी’ हा सामासिक शब्द तो ‘न’ जपून ठेवतो, कारण तेथे तो दोन स्वरांमध्ये सापडलेला नाही. मूळ रूप ‘आर्दानो’ ठरते, आणि तिन्ही बोलीरूपे त्याच्यापासून निघतात.

दुसरी तपासणी शिलालेखांची आहे. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये रोमन काळातील लॅटिन शिलालेखांत शेकडो स्थानिक नावे आढळतात, आणि त्या भाषेला ॲक्विटेनियन म्हणतात. मिचेलेनांच्या मते प्राचीन बास्कमध्ये ‘म’ हा स्वतंत्र ध्वनी नव्हता आणि आजचा ‘म’ बऱ्याचदा ‘न’ व ‘ब’ एकत्र येऊन झाला आहे. मुलाला आज ‘सेमे’ म्हणतात, म्हणून जुने रूप ‘सेन्बे’ असावे. शिलालेखांतील नावांत ‘सेंबे’ आहे. त्याच नावांत ‘नेस्कातो’ आणि ‘किसोन’ आहेत, आणि आजच्या बास्कमध्ये मुलीला ‘नेस्कातो’ व पुरुषाला ‘गिसोन’ म्हणतात. येथे नाते मानायला हरकत राहत नाही, कारण दिसणाऱ्या साम्याला ध्वनिनियमाचा आधार आहे.

या मापाने आता इबेरियनचा दावा तोलून पाहतो. इबेरियन ही स्पेनच्या पूर्व किनाऱ्याची प्राचीन भाषा असून तिचे दोन हजारांहून अधिक कोरीव लेख मिळाले आहेत. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांनी १८२१ मध्ये बास्क ही प्राचीन इबेरियनांचीच भाषा असल्याचे मांडले होते. पुढे १९२० च्या दशकात मानुएल गोमेस-मोरेनो यांनी लिपी उलगडली आणि लेख मोठ्याने वाचता येऊ लागले, परंतु बास्कच्या मदतीने त्यांचा अर्थ लागेना. भाषा जवळची असती तर काही वाक्ये तरी उकलली असती. हा आक्षेप आजही तितकाच जड आहे.

एकविसाव्या शतकात एदुआर्दो ओर्दुन्या आणि जोआन फेरेर यांनी या लेखांतील संख्यावाचक शब्दांचा प्रश्न पुढे आणला, आणि तेव्हापासून चर्चेला वेगळे वळण लागले. इबेरियन ‘लाउर’, ‘बोर्स्ते’, ‘सोर्से’, ‘अबार’, ‘ओर्केइ’ यांच्यासमोर बास्कमधील चार, पाच, आठ, दहा, वीस यांचे शब्द ‘लाउ’, ‘बोर्त्स’, ‘सोर्त्सी’, ‘हामार’, ‘होगेइ’ असे आहेत. केवळ ध्वनिसाम्य असते तर मी ते ‘बि’ आणि ‘बे’च्या शेजारी ठेवले असते. परंतु ‘ओर्केइअबार’ असा जोडशब्दही मिळतो, आणि बास्कमध्ये तीसला ‘वीस आणि दहा’ असेच म्हणतात. काही नाण्यांवरील ‘एर्देर’ हा शब्द अर्ध्या मूल्याशी जोडला जातो, आणि बास्कमध्ये अर्ध्याला ‘एर्दी’ म्हणतात. शब्दांची रचना आणि नाण्यांचे मूल्य हे ध्वनिसाम्यापासून स्वतंत्र पुरावे आहेत, म्हणून हे वाचन मला भक्कम वाटते.

वाचन मान्य केले तरी नाते मान्य करावे लागत नाही. संख्या उसन्या घेतल्या जातात. जपानीने चिनी संख्यांची सबंध मालिका घेतली, थाई भाषेतील संख्याही चिनीकडूनच आलेल्या मानल्या जातात, आणि या दोन्ही भाषा चिनीच्या कुळातील नाहीत. शिवाय संख्यांची यादी इतकी छोटी असते की कोणतीही ध्वनिसंगती तिच्यात पुरेशा वेळा पुन्हा येत नाही. ‘अबार’मधल्या ‘ब’समोर ‘हामार’मध्ये ‘म’ येतो, हे वर सांगितलेल्या ‘म’च्या इतिहासाशी छान जुळते. ‘ओर्केइ’चे मात्र तसे नाही. तेथे ‘र्क’समोर बास्कमध्ये नुसता ‘ग’ आहे, पण बास्कमध्ये ‘र्ग’ सुखाने टिकतो. प्रकाशाला असलेला ‘आर्गी’ हा शब्दच त्याची साक्ष देतो. ‘र’ का गळला, किंवा इबेरियनमध्ये तो कोठून आला, याला नियम हवा, आणि एका शब्दावरून नियम बांधता येत नाही. सर्वनामे, क्रियापदांचे प्रत्यय, शरीराच्या अवयवांची नावे यांत तीच संगती पुन्हा दिसली तर प्रश्न सुटेल. इबेरियन लेखांतील अशा शब्दांचे अर्थच निश्चित नसल्यामुळे ती तपासणी सध्या करता येत नाही. शेजारधर्मातून झालेली देवाणघेवाण हे स्पष्टीकरण मला म्हणून अधिक संयमाचे वाटते, जरी नाते नाकारण्याइतकाही पुरावा हातात नाही.

पुढील नोंदीसाठी इरुलेगीचा कांस्य हात घेतला आहे. तो २०२१ मध्ये पांप्लोनाजवळ सापडला आणि इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील आहे. त्याच्यावर कोरलेल्या लेखाचा पहिला शब्द प्रथम ‘सोरिओनेकु’ असा वाचून आजच्या ‘सोरिओनेको’शी, म्हणजे ‘सुदैवी’शी, जोडला गेला होता. नंतर शेवटच्या अक्षराचे वाचन बदलले, आणि लेखाच्या उरलेल्या भागाचा अर्थ अद्याप लागलेला नाही. त्या शब्दाचे घटक वेगळे करून, दोन हजार वर्षांपूर्वी ते कोणत्या रूपात असायला हवेत हे मिचेलेनांच्या नियमांनी आधी मांडायचे आणि मग कोरलेली अक्षरे पाहायची, असा क्रम ठरवला आहे.