ग्रो बॅगचं मिश्रण: निचरा मोजून ठरवलेलं प्रमाण

टोमॅटोच्या ग्रो बॅगांसाठी या फेरीत केलेलं पहिलं मिश्रण बाद केलं आहे. ५ भाग कोकोपीट, ३ भाग बागेतली माती आणि २ भाग गांडूळखत असं ते होतं. हाताला भुसभुशीत लागत होतं, पण मोजल्यावर पाणी निथळल्यानंतर त्यात हवेला जेमतेम ८ टक्के जागा उरत होती. टोमॅटोला निदान १५ टक्के तरी हवी.

मोजायची रीत सोपी आहे. बादलीच्या तळाला भोकं पाडून त्यांवर बाहेरून चिकटपट्टी लावायची आणि ओलसर मिश्रण १० लिटरच्या खुणेपर्यंत भरायचं. पृष्ठभागावर पाणी चकाकेपर्यंत हळूहळू पाणी घालायचं. थोडा वेळ मुरू द्यायचं, मग चिकटपट्टी काढून खाली गळणारं सगळं पाणी मोजायचं. इथे ८०० मिली गळलं, म्हणजे ८ टक्के. बादलीची उंची बॅगेएवढीच असावी, कारण पाणी निथळल्यावरही तळाशी एक चिंब थर राहतोच. त्याची जाडी मिश्रणाच्या बारीकपणावर ठरते, कुंडीच्या आकारावर नाही. म्हणून एकच मिश्रण उथळ ट्रेमध्ये मुळं कुजवतं आणि उंच बॅगेत चालून जातं. तळाला खडी किंवा खापरं घातली तर हा थर जात नाही, उलट वर सरकून मुळांना भिडतो. हा सल्ला अजून कसा टिकून आहे, कोण जाणे!

माती पूर्ण काढून तिच्या जागी ३ भाग जाड दाण्याचं पर्लाइट घातल्यावर १.६ लिटर पाणी गळलं. मातीचे बारीक कण पोकळ्या बुजवत होते, हेच खरं कारण. हेच मिश्रण आता कायम. मात्र त्यात पाणी कमी टिकतं आणि गांडूळखत एकटं पुरत नाही, तेव्हा फुलं येऊ लागली की द्रवखत सुरू करावं लागेल.

बॅग १२ × १२ इंची, म्हणजे साधारण २० लिटर मिश्रण. कापडी बॅग कडेनेही सुकते, त्यामुळे उन्हात दिवसातून दोनदा पाणी लागू शकतं. विणलेल्या प्लास्टिकच्या बॅगेत ओल टिकते, पण तिच्या पाणी निघायच्या भोकांच्या कड्या बहुधा बाजूला, तळापासून थोड्या वर असतात आणि त्याखाली पाणी साचतं. तळाला आणखी चार भोकं पाडून बॅग विटांवर ठेवली, नाहीतर सपाट फरशी भोकं बंद करते. मातीची कुंडी छान श्वास घेते, पण सज्जावर तिच्या वजनाचा भार येतो.

कोकोपीटच्या विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायचा: या खेपेचा ईसी, म्हणजे क्षारांचं प्रमाण दाखवणारा आकडा, किती? धुतलेल्या मालाचा ०.५ mS/cm च्या आत असतो. ‘एकदम उत्तम माल’ एवढंच उत्तर आलं तर एकच वीट मागवावी, १ भाग कोकोपीट दीड भाग पाण्यात भिजवून गाळावं आणि त्या पाण्याला ईसी मीटर लावावा. १ च्या वर आकडा आला तर पानांच्या कडा करपायची शक्यता बरीच. तो माल दोन-तीन पाण्यांनी धुवावा, किंवा परत करावा.