पाऊस, स्पर्धा

व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचा फोटो येतो. मधोमध अधिकाचं चिन्ह, वर सामर्थ्य आणि दुबळ्या बाजू, खाली संधी आणि धोके. कुरडया-पापड्या करणाऱ्या एका बचत गटाचा, कर्जासाठी बँकेला दाखवायचा धंद्याचा आराखडा. पहिला चौकोन गच्च भरून ओळी समासात घुसल्यात. चौथ्यावर नेमकी मोबाइलची सावली. मोठं करून पाहिलं तर दोनच शब्द: ‘पाऊस, स्पर्धा’.

‘घरगुती चव’ वाचलं की मी सरळ पुढच्या ओळीवर जाते. ती कोणाच्या कागदावर नसते? त्याच चौकोनात खाली बारीक अक्षरात ‘चार दुकानदार दर आठवड्याला माल नेतात’ असं आहे. हे खरं सामर्थ्य, कारण बँकेचा माणूस त्या दुकानात जाऊन विचारू शकतो.

वरचे दोन चौकोन घरातले, खालचे दोन बाहेरचे. गोंधळ झाला की एकच विचारावं: उद्या आपण धंदा बंद केला, तरी ही गोष्ट राहील का? पाऊस राहील, म्हणून तो धोक्यांच्या चौकोनात. पण ऊन नसलं की वाळवण थांबतं, कारण ड्रायर नाही. ही दुबळी बाजू, आणि ती कागदावर कुठेच नाही. सगळं ‘पाऊस’ या एका शब्दात गुंडाळलं, आणि पावसापुढे कोणाचं काय चालणार? म्हणून मग शेजारच्या तक्त्यात जुलैचं उत्पादन मे महिन्याइतकंच धरलेलं दिसतं.

संधीत ठळक अक्षरात ‘अनुदान 35 टक्के’. सूक्ष्म अन्नप्रक्रियेची 2020 सालची केंद्राची योजना त्यांच्या मनात असणार. तिथून ड्रायरपर्यंत एक बाण काढता येतो, पण हिशेब नीट हवा. समजा, लाखाचा ड्रायर. निदान दहा हजार गटाचे, नव्वद हजार बँकेचं कर्ज. पस्तीस हजारांचं अनुदान हातात पडत नाही; ते बँकेत वेगळं राहतं आणि तीन वर्षांनी, खातं थकलेलं नसेल आणि काम चालू असेल, तरच कर्जात वळतं होतं. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, हा दिलासा. पण या कागदावर ते पस्तीस हजार पहिल्याच महिन्यात कच्च्या मालाला लावून टाकलेत. हप्ता मात्र पावसाळ्यातही येणार.

‘स्पर्धा’ म्हणजे कोण, हे लिहिलेलं नाही. शेजारच्या गावातला गट की किराणा दुकानातलं मोठ्या कंपनीचं पाकीट? दोघांशी भिडायच्या तऱ्हा निराळ्या. नाव आणि पाव किलोचा भाव, इतकं लिहिलं तरी पुरे.

ड्रायरचं ठरत आलं की मी पुन्हा पहिल्या चौकोनाकडे वळते. तिथे दुसऱ्याच ओळीत, खाली रेघ मारून, ‘कडक उन्हात वाळवलेल्या’ असं आहे. गिऱ्हाईक त्यासाठीच येत असेल, तर पावसाळ्यातल्या पाकिटांवर काय छापायचं?